कानाच्या मोल्डमुळे तीनदा कान बसला, आता सात महिने ठीक आहे : माझा वापरानंतरचा अनुभव

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोबाचं काम करतो, वय ५७. दोन्ही कानांना मशीन लागून सव्वा वर्ष झालं. मागच्या जानेवारीत घेतलेलं, कानामागं बसणारं मशीन आणि कानात मापानं बनवलेला मोल्ड, मध्ये ती पारदर्शक नळी. मशीनबद्दल तक्रार नाही, मशीन चांगलंच आहे. सगळा घोळ मोल्डनं घातला, म्हणजे खरं तर मी घातला, कारण मोल्ड नुसता रुमालानं पुसायचा एवढंच मला माहीत होतं.

पहिल्यांदा एप्रिलमध्ये उजव्या कानातून शिट्टी यायला लागली. जेवताना घास चावला की शिट्टी, नातवानं गळ्यात हात टाकला की शिट्टी. मला वाटलं मोल्ड सैल झालाय, नवीन करून घ्यावा म्हणून ऑडिओलॉजिस्टकडं गेलो. त्यांनी आधी दुर्बिणीतून कानात बघितलं आणि म्हणाले, "काका, मोल्ड बरोबर आहे, आत मळाचा बोळा बसलाय, आवाज त्यावर आपटून परत बाहेर येतोय." कानाचा मळ आपोआप हळूहळू बाहेर सरकत असतो, पण आपण दिवसाचे चौदा तास दारात बूच लावून ठेवतो, मग तो जाणार कुठं? वर रोज सकाळी मोल्ड बसवताना तोच मळ आपण परत आत ढकलतो. मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन काढून घेतला, दहा मिनिटांचं काम. मी खूश, विषय संपला म्हणून.

जुलैत पाऊस लागला आणि कान खाजायला लागला. आधी नुसती खाज, मग जड वाटायला लागलं, मग मोल्ड काढला की कुबट वास. इथं मी शहाणपणा केला, मेडिकलमधून कानाचे थेंब आणले, अँटिबायोटिकचे, आणि दहा दिवस घातले. खाज वाढतच गेली. घरात आईनं लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल सुचवलं, तेही एकदा घातलं, खोटं कशाला बोलू. शेवटी डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी स्क्रीनवर कान दाखवला, आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा करडा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. अँटिबायोटिकचे थेंब बुरशीवर चालत नाहीत, उलट इतर जंतू मरतात आणि हिला मोकळं रान मिळतं, आणि तेलानं ओलावा अजून कोंडला. सक्शननं साफ केलं, बुरशीचे थेंब दिले आणि सांगितलं की बरं होईपर्यंत त्या कानात मोल्ड घालायचा नाही. तीन आठवडे एका कानावर काढले, सौद्याच्या गोंगाटात उजवीकडून कोण बोलतंय तेच कळायचं नाही, फार वैताग.

बरा झालो, मोल्ड घातला, आणि सप्टेंबरात परत तेच. मी डॉक्टरांवरच चिडलो, औषध बरोबर नाही म्हणून. ते म्हणाले मोल्ड काढून द्या, आणि लाईटसमोर धरला. आवाज जायच्या भोकात आतल्या बाजूला तपकिरी-काळा थर, नळी पिवळी पडून कडक झालेली, आणि नळीत पाण्याचे दोन बारीक थेंब. कान बरा करून मी तीच घाण परत त्यात घालत होतो! त्या वेळी पुन्हा औषध तर झालंच, पण ऑडिओलॉजिस्टनं मोल्ड जंतुनाशकानं स्वच्छ करून नळी नवीन टाकून दिली, आणि कसं धुवायचं ते समोर करून दाखवलं. हे मशीन देताना दाखवलं असतं तर सहा महिने वाचले असते, पण असो.

तेव्हापासून असं करतो. रात्री मशीन काढलं की मोल्ड कोरड्या सुती कापडानं पुसतो (हळदीच्या दिवसात कापड पिवळंच निघतं) आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत, सेलचं झाकण उघडं ठेवून. आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात एक दिवसाआड, मोल्ड धुतो. एका हातात मशीनचा हुक आणि दुसऱ्या हातात नळी धरून हळूच पिळत नळी हुकातून सोडवायची, मशीनला धरून ओढायचं नाही. मशीन लांब ठेवायचं, त्याला पाणी अजिबात नको. मोल्ड आणि नळी वाटीत कोमट पाण्यात, दोन थेंब बेबी शाम्पू, पाचेक मिनिटं, मग मऊ ब्रशनं भोकाचं तोंड साफ करून साध्या पाण्यात खळबळायचं. स्पिरिट नको, डेटॉल नको, उकळतं पाणी तर नकोच, मोल्ड खराब होतो. मग सगळ्यात महत्त्वाचं, छोटा रबरी पंप मिळतो तो नळीच्या मोकळ्या टोकाला लावून पाच-सहा वेळा जोरात दाबायचा. पहिल्या दिवशी मोल्डच्या तोंडातून पाण्याबरोबर मोहरीएवढा मळाचा खडा उडून वॉशबेसिनमध्ये पडला. मोल्डमध्ये हवेसाठी अजून एक बारीक भोक असतं, त्यातही पंप मारायचा, ते बुजलं की कानात घाम कोंडतो. रात्रभर टॉवेलवर वाळवून सकाळी जोडायचं. उजवा-डावा घोटाळा होतो म्हणून मी दोन वेगळ्या वाट्या ठेवल्यात, उजव्याला लाल, डाव्याला निळी. नळी कडक वाटली की बदलून घ्यायची, माझी साधारण चार महिन्यांनी बदलतो, चहा-नाष्ट्याच्या पैशात होते.

आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवतो आणि आंघोळीनंतर अर्धा तास मोल्ड घालत नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीतही वीस मिनिटं कान मोकळे. इअरबड आणि काडी बंद, तेल बंद. मळ मऊ करायचे थेंबसुद्धा पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय घालायचे नाहीत, पडद्याला भोक असेल तर औषध आत जातं.

मशीन बंद पडल्यासारखं वाटलं तर दुकानात पळायच्या आधी हे करा. मशीन चालू करून ओंजळीत बंद धरा, चालू असेल तर शिट्टी मारतं. मोल्डसकट मारत नसेल आणि मोल्ड काढल्यावर मारत असेल तर मोल्ड किंवा नळी तुंबलीय. हातात ठणठणीत वाजतं पण कानात घातल्यावर ऐकू कमी येतं, तर बहुधा कानात मळ आहे.

या रूटीननं मळ होणं थांबत नाही हेही सांगतो. दर तीन-चार महिन्यांनी कान दाखवावाच लागतो. आणि दुखणं, पाणी येणं, वास, यातलं काही असेल तर त्या कानातला मोल्ड त्याच दिवशी काढायचा. शुगर असलेल्यांनी तर रात्री झोप उडेल असा कान ठणकला तर एक दिवसही घरी थांबू नये, तसला आजार हाडापर्यंत जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं कारण माझी शुगर आहे.

परवा तपासणी झाली. उजव्या कानात थोडा मळ होता, तेवढा काढला, पडदा स्वच्छ. डाव्याची नळी मात्र कडक झालीय, शनिवारी यार्ड सुटलं की बदलून आणतो.