डोमेन एकाचं, पैसे भलत्यालाच: माझे ३२,५०० रुपये कसे गेले

आम्ही बेळगावच्या वडगावातले. घरात आजोबांपासून माग आहे, आणि दोन वर्षांपासून मी साड्या ऑनलाइन विकतो. आमची वेबसाइट .in वर चालते. पण फोनवर नाव ऐकलेली गिऱ्हाइकं सवयीनं .com टाइप करतात आणि त्यांच्यासमोर कोरं पान येतं. दर महिन्याला चार-पाच जण तरी विचारतात, "दादा, वेबसाइट बंद केली काय?" म्हणून .com घ्यायचं ठरवलं. ते नाव आधीच दुसऱ्या कोणाकडे होतं.

मालक शोधायला lookup.icann.org वर नाव टाकलं. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे आहे, २०११ साली घेतलेलं आहे आणि मुदत कधी संपते, एवढं दिसलं. मालकाचं नाव, फोन, ईमेल सगळं झाकलेलं होतं. २०१८ साली युरोपातला खाजगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक डोमेनांचं असंच असतं. मात्र मालकाचं नाव न कळताही त्याला निरोप पाठवायची सोय त्या नोंदीत असते. कुठे झाकलेला ईमेल पत्ता असतो, कुठे रजिस्ट्रारचा फॉर्म. मी तो फॉर्म भरला.

माझी पहिली चूक त्या फॉर्ममध्येच झाली. आमचा धंदा काय, हेच नाव का हवं, दिवाळीच्या आत का हवं, सगळं लिहून बसलो. एवढं वाचल्यावर कोणीही भाव चढवणारच. दुसरी चूक जास्त महागात पडली. चार दिवस उत्तर आलं नाही म्हणून डोमेन खरेदी-विक्रीच्या दोन ग्रुपांवर तेच नाव टाकून "हे कोणाचं आहे, विकत हवंय" असं लिहिलं.

दुसऱ्याच रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "मी मालक." हिंदीत बोलत होता, अगदी अदबीनं. डोमेन २०११ सालचं आहे, अमुक रजिस्ट्रारकडे आहे, अमुक तारखेला मुदत संपते, हे त्यानं न विचारता सांगितलं. माझा विश्वास तिथेच बसला. तो सांगत होता ती एकूण एक गोष्ट मी स्वतः चार दिवसांपूर्वी त्याच पानावर वाचली होती, हे मात्र डोक्यात आलं नाही. मग त्यानं रजिस्ट्रारकडच्या खात्याचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात आम्हाला हवं असलेलं नाव ठळक दिसत होतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा मजकूर बदलून असा फोटो काढायला दोन मिनिटं लागतात, हे मला नंतर कळलं.

त्यानं सव्वा लाख मागितले. मी चाळीस हजारांवरून सुरुवात केली. कोल्हापूरचा एक जण तयार आहे, असं तो अधूनमधून म्हणायचा. शेवटी पासष्ट हजारांवर ठरलं, निम्मे आधी. मी म्हटलं, पैसे एस्क्रोमधूनच देईन, म्हणजे तिसऱ्याच्या हातात राहतील आणि डोमेन माझ्या खात्यात आल्यावरच त्याला मिळतील. तो लगेच हो म्हणाला आणि लिंकही त्यानंच पाठवली. पान देखणं होतं, व्यवहाराचा नंबर होता. पैसे भरायला मात्र यूपीआयचा क्यूआर कोड होता, आणि स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. बोट क्षणभर थांबलं होतं माझं. तरी दाबलं. ३२,५०० रुपये.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच "एस्क्रो"कडून ईमेल आला की हस्तांतरणाआधी पासष्ट हजारांवर अठरा टक्के जीएसटी भरा, ११,७०० रुपये. बाबा म्हणाले, "अरे, माल हातात नाही आणि जीएसटी कसला?" तेव्हा मी भाच्याला फोन लावला. तो इथेच इंजिनिअरिंगला आहे. सगळं ऐकून त्यानं एकच सांगितलं, "मामा, त्याला डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला सांगा. शब्द तुम्ही द्या, कुठलाही."

डीएनएस म्हणजे डोमेनची पाटी. कोणत्या नावाची वेबसाइट कुठे, ईमेल कुठे, हे तिथे लिहिलेलं असतं. खात्याची चावी ज्याच्याकडे आहे त्यालाच तिथे ओळ वाढवता येते, आणि वाढवली की जगात कोणालाही वाचता येते. मी शब्द दिला, `vadgaon-7143`. आमच्या कॉम्प्युटरवर तपासायची आज्ञा अशी (example.com च्या जागी हवं ते डोमेन घाला):

```
nslookup -type=TXT example.com
```

खऱ्या मालकाचं हे पाच-दहा मिनिटांचं काम असतं, ओळ दिसायला कधी तास-दोन तास लागतात. ह्यानं उत्तर दिलं, "डोमेन लॉक आहे, बदल होत नाही." भाचा म्हणाला, खोटं बोलतोय. नोंदीत `clientTransferProhibited` दिसत होतं, पण त्या लॉकनं डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाणं अडतं. डीएनएसमध्ये ओळ घालायला त्याची आडकाठी नसते. मग भाच्यानं एस्क्रोच्या पानाचं डोमेन तपासलं. ते एकोणीस दिवसांपूर्वी घेतलेलं होतं. मी त्या भामट्याला पुन्हा शब्दाची आठवण करून दिली आणि त्यानं मला ब्लॉक केलं.

लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आणि सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी कानडी-मराठी मिसळून शांतपणे सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, पैसे गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत फोन आला असता तर बरंच अडवता आलं असतं. मी पूर्ण एक दिवस घालवला होता. नऊ हजार पुढच्या खात्यात थोपवले गेले, बाकीचे तोवर काढून झाले होते.

भाच्यानं त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट दाखवली. ती मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती:

```
nslookup -type=MX example.com
```

ह्यात डोमेनची ईमेल कुठे येते ते दिसतं. आमच्या नावाच्या पुढे ईमेलचे दोन सर्व्हर होते. म्हणजे वेबसाइट कोरी असली तरी ह्या नावावर कोणाची तरी पत्रं येत असणार. आणि तो भामटा मला सांगत होता की डोमेन नुसतं पडून आहे!

खऱ्या मालकाशी गाठ पडली तरी टीएक्सटीची ओळ दिसली म्हणून एकदम सगळे पैसे देऊ नका. तेवढ्यानं खात्याची चावी कळते, पण ती चावी वेबसाइट सांभाळणाऱ्या नोकराकडेही असू शकते. म्हणून नावाजलेली एस्क्रो सेवा स्वतः निवडा, तिचा पत्ता स्वतः टाइप करा, समोरच्याची लिंक उघडू नका. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला विकणारा एक कोड देतो, नुसता तो हस्तांतरणाचा कोड आला म्हणूनही पैसे सोडू नका. तो चुकीचा असू शकतो, आणि कोड बरोबर असला तरी रजिस्ट्रार बदलायला पाच-सहा दिवस लागतात. विकणाऱ्याच्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही खातं उघडलंत तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात बहुधा त्याच दिवशी येतं. ते तुमच्या खात्यात दिसलं, पासवर्ड बदलला, मगच एस्क्रोला "मिळालं" म्हणून कळवा.

तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी माझ्या त्या पहिल्या फॉर्मला उत्तर आलं. मालक परदेशातले एक निवृत्त गृहस्थ निघाले. आमच्या ब्रँडचं नाव हेच त्यांचं आडनाव. सगळ्या कुटुंबाची ईमेल २०११ पासून ह्याच नावावर चालते, विकायचं नाही, असं त्यांनी चार ओळींत लिहिलं होतं. मी झालेला प्रकार कळवला, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी खात्याला दुहेरी पडताळणी लावली आणि आपण होऊन त्या कोऱ्या पानावर एक ओळ टाकली: साड्यांसाठी इकडे जा, आणि खाली आमच्या .in ची लिंक.