पॅनवरचे नाव बदलावे की बँकेतले? खाते पडताळणी अडलेल्यांसाठी तुलना

आयकराचा परतावा १ मार्च २०१९ पासून केवळ पॅन जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो, आणि ते खाते आयकर पोर्टलवर आधी पडताळून घ्यावे लागते. पडताळणीच्या वेळी पोर्टल आपला पॅन, खाते क्रमांक आणि नाव बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहते. तिथे नाव जुळले नाही, तर खाते `Failed Bank Accounts` या यादीत जाऊन बसते आणि परतावा मंजूर होऊनही अडकतो. अशा वेळी प्रश्न एकच उरतो, की नाव पॅनवर दुरुस्त करायचे की बँकेत. आमच्या घरात हे दोन्ही मार्ग वापरून झाले आहेत. माझ्या नावासाठी मी बँकेकडे गेलो आणि पत्नीच्या नावासाठी आम्ही पॅन बदलला. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

सोलापुरात ही अडचण वारंवार दिसण्याचे कारण आपल्या नावांतच आहे. पूर्व भागातल्या तेलुगू मूळच्या घरांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत अजून टिकून आहे, मराठी घरांत वडिलांचे नाव मधे येते, आणि जुन्या पासबुकात ते केवळ एका अक्षरावर भागवलेले असते. त्यात एकाच नावाची इंग्रजी अक्षरे दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. माझेच उदाहरण घ्या. पॅन आणि आधार या दोन्हींवर माझे नाव `VENKATESH` असे आहे. बँकेत मात्र खाते उघडताना मराठी अर्जावरून ते `VYANKATESH` असे चढवले गेले, आणि वडिलांच्या नावाच्या जागी नुसते `N` आले. मराठीत वाचणाऱ्याला दोन्ही नावे एकच वाटतात, पण संगणकासमोर अक्षरे वेगळी पडतात.

कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहावी, कारण तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पॅन कार्डावर छापलेले नाव आणि पॅनच्या नोंदीतले पूर्ण नाव ही एकच असतील असे नाही. पॅनच्या अर्जात पूर्ण नाव वेगळे लिहायचे असते आणि कार्डावर काय छापावे तेही वेगळे लिहायचे असते, आणि छापायच्या नावात आद्याक्षरे चालतात. त्यामुळे कार्डावर आडनाव आणि दोन अक्षरे दिसत असली, तरी नोंदीत वडिलांचे नाव पूर्ण असू शकते. पडताळणी कार्ड पाहत नाही, नोंद पाहते. म्हणून पोर्टलवर प्रवेश करून `My Profile` मध्ये दिसणारे नाव अक्षरशः उतरवून घ्यावे आणि पासबुकावरच्या नावाशेजारी ठेवावे. तिथेच `My Bank Account` मध्ये अपयशाचे कारणही दिसते. कारण नावाचे नसून पॅन खात्याला जोडलेलाच नाही असे असेल, तर प्रस्तुत तुलना आपल्यासाठी नाही. शाखेत पॅनची प्रत देऊन तो नोंदवून घेतला की काम होते.

यानंतर तिसरा कागद समोर ठेवावा, तो म्हणजे आधार. माझ्या मते या वादात आधारला पंच मानावे. पॅन आणि बँक यांपैकी ज्याचे नाव आधारशी जुळते ते राहू द्यावे आणि दुसरे बदलावे. पॅन-आधार जोडणी झालेली आहे, म्हणजे दोन्हींवरची नावे सारखीच आहेत, असे मात्र गृहीत धरू नये. किरकोळ फरक असेल तर ओटीपी देऊन जोडणी होत असे, त्यामुळे जोडणी झाल्यावरही एखादे अक्षर इकडेतिकडे राहिलेले असू शकते.

माझ्या बाबतीत पॅन आणि आधार एकमताने एका बाजूला होते, तेव्हा बँकेकडे जाणे ओघानेच आले. शाखेत नावदुरुस्तीचा अर्ज, केवायसीचा फॉर्म, पॅन आणि आधार यांच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती आणि पडताळणीसाठी मूळ कागद, एवढ्यावर काम झाले. अक्षरांचा फरक होता, नाव बदललेले नव्हते, म्हणून प्रतिज्ञापत्र मागितले गेले नाही, पण काही शाखा ते मागतात असे ऐकून आहे. आमच्या बँकेने या कामाचे शुल्क घेतले नाही.

बँकेच्या मार्गात एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. बँकेच्या संगणकात आपले नाव दोन ठिकाणी असते. एक ग्राहकाच्या मूळ नोंदीत, जिला शाखेत सीआयएफ किंवा कस्टमर आयडी म्हणतात, आणि दुसरे त्या त्या खात्याच्या शीर्षकात. पॅन हा ग्राहकाच्या मूळ नोंदीला जोडलेला असतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने घाईत केवळ खात्याचे शीर्षक बदलले, तर पासबुकावर नवे नाव छापून येते, आपण समाधानाने घरी येतो, आणि पोर्टल पुन्हा नकार देते. म्हणून अर्जातच असे लिहावे: ‘ग्राहक नोंदीतील आणि खात्यातील नाव, दोन्ही पॅनप्रमाणे करावे.’ खाली पॅनचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत, शब्दांमधल्या मोकळ्या जागांसह लिहून द्यावे. दुरुस्ती झाल्यावर पासबुकाच्या छापाबरोबरच मोबाइल बँकिंगच्या प्रोफाइलमध्ये दिसणारे नावही पाहावे. ते बदललेले दिसले की ग्राहक नोंद बदलली असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर एक-दोन दिवस जाऊ देऊन पोर्टलवर त्याच खात्यासमोर `Re-Validate` करावे. माझी पडताळणी त्यानंतर विनातक्रार झाली.

पॅनचा मार्ग कागदोपत्री पाहिला तर याहून सोपा वाटतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्ज भरण्यापुरता तो सोपाच आहे. शाखेत जाऊन कोणाची मनधरणी करावी लागत नाही. प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या दोन संस्थांपैकी कोणाच्याही संकेतस्थळावर दुरुस्तीचा अर्ज भरता येतो. आधारवर आधारित ई-केवायसी निवडले तर कागद पाठवायची गरज उरत नाही, मात्र मग नाव आधारवर जसे आहे तसेच द्यावे लागते आणि छायाचित्रही आधारवरचेच येते. आम्ही कागदी अर्ज केला तेव्हा छापील कार्डासह शुल्क १०७ रुपये होते. अर्जात जे रकाने बदलायचे आहेत त्यांच्याच डाव्या बाजूच्या चौकोनात खूण करायची असते. ती राहिली तर नाव बरोबर लिहूनही ते बदलत नाही. काही आठवड्यांत कार्ड घरी आले आणि पोर्टलवरही नवे नाव दिसू लागले.

पत्नीचा पॅन माहेरच्या नावाने होता, तर आधार आणि बँक सासरच्या नावाने. इथे चूक पॅनचीच होती, तेव्हा पॅन बदलणे योग्यच होते आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून ते झालेही. परंतु ज्या एका त्रासामुळे माझे मत बँकेच्या बाजूला कायमचे झुकले, तो त्यानंतर सुरू झाला.

पॅनचा क्रमांक बदलत नाही, तेव्हा करकपातीच्या नोंदी जागच्या जागी राहतात. त्याची चिंता नव्हती. पण पॅनवरचे नाव ही अशी वस्तू आहे की ती कुठे कुठे उतरवून ठेवली आहे, हे आपल्यालाही आठवत नाही. तिच्या म्युच्युअल फंडाच्या केवायसीत जुने नाव होते, तिथे सुधारणेचा वेगळा अर्ज करावा लागला. डीमॅट खाते जुन्या पॅननुसार होते, तिथे पुन्हा तीच प्रमाणपत्रे, पुन्हा स्वाक्षऱ्या. आणि लग्नाआधीपासूनचे दुसऱ्या एका बँकेतले बचत खाते, जे आजवर पॅनशी अक्षर न् अक्षर जुळत होते आणि पोर्टलवर पडताळलेलेही होते, ते आता जुळेनासे झाले. एक कुलूप उघडले आणि त्यासाठी उघडी असलेली तीन दारे बंद झाली, असे काहीसे आमच्या वाट्याला आले. यात कोणत्याही कार्यालयाने नियमाबाहेर काही केले नाही. पॅनवरचे नाव मुळापाशी असल्यामुळे ते हलले की त्यावर उभे असलेले सगळे हलते, एवढेच. बँकेतले नाव बदलताना हा पसारा मागे लागत नाही. फार तर नवे चेकबुक आणि नवे एटीएम कार्ड घ्यावे लागते.

म्हणून ज्यांचा पॅन आणि आधार एकमेकांशी जुळतात, त्यांनी माझे ऐकायचे ठरवले तर बँकेकडे जावे, शाखेत एखादी जास्तीची फेरी झाली तरी चालेल. ज्यांचे पॅन आणि आधारच वेगळे आहेत, त्यांना पॅनपासून किंवा आधारपासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी आधी गुंतवणुकीची यादी करावी आणि मगच अर्ज भरावा. मात्र केवळ बँकेशी जुळवण्यासाठी आधार बदलायला धावू नये, कारण आधारवर नाव बदलण्याची मुभा आयुष्यात दोनदाच आहे.

ज्यांचे नाव लग्नामुळे बदलले आहे त्यांना बँकेत मूळ नावाचा पुरावा पुरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे जुन्या नावाचा ओळखपत्राचा कागद विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी यांच्या जोडीने ग्राह्य धरला जातो, तेव्हा यांपैकी एक कागद तयार ठेवूनच शाखेत जावे. लग्नाची नोंदणी महापालिकेत झालेली नसेल आणि राजपत्राचा कागदही नसेल, तर नोंदणी आधी उरकावी, नाहीतर बँकेचा मार्ग तिथेच थांबतो.

तिसरीही एक वाट आहे, जिच्यावर फारसे लिहिण्यासारखे नाही. आपले दुसऱ्या बँकेत खाते असेल आणि तिथले नाव पॅनशी जुळत असेल, तर परताव्यापुरते तेच पडताळून घ्यावे. सोलापुरात अनेकांची मुख्य खाती सहकारी बँकांत आहेत आणि त्यांतल्या काही लहान बँकांची खाती पोर्टलवर पडताळली जात नाहीत असा अनुभव काहींनी सांगितला आहे. त्यांच्यासाठी नावाचा घोळ निस्तरण्यापेक्षा ही वाट बरी. पण परतावा मिळाला तरी बँकेतले चुकीचे नाव तसेच राहते आणि पुढे कर्जाच्या वेळी किंवा वारसाच्या दाव्याच्या वेळी ते पुन्हा समोर येते, म्हणून मी तरी ती तात्पुरतीच मानतो.

शेवटी एक राहिले. खाते पडताळले म्हणजे अडकलेला परतावा आपोआप येईलच असे धरून बसू नये. विवरणपत्रावरची प्रक्रिया होऊन परतावा परत गेलेला असेल, तर `Services` मधून `Refund Reissue` ची विनंती करावी लागते, आणि तिथे नुकतेच पडताळलेले खाते निवडावे लागते. करदात्याच्या बाजूने झालेल्या विलंबाचे व्याज आयकर खाते देत नाही, तेव्हा पडताळणी झाल्याचे दिसताच त्याच बैठकीत ही विनंतीही नोंदवून टाकावी.