मे महिन्यात चंद्रपूर की जानेवारीत लेह?

सुट्टी एकच, आणि मनात मेमधलं ताडोबा आणि जानेवारीतलं लेह. मग आधी शरीराची बाजू बघा.

चंद्रपूरला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची, त्यामुळे हवाच अंगाला तापवते. अशा वेळी अंग निववायला एकच मार्ग उरतो, घाम. तोही वाळला तर. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलोचा माणूस भरभर चालला, तर तासाला अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता अंगातच तयार होते. घाम आलाच नाही, तर पंधरा मिनिटांत शरीर एका अंशाने तापेल. म्हणजे अंगातली उष्णता घालवायलाच तासाला जवळपास अर्धा लिटर घाम हवा. उन्हाची आणि झळांची भर वेगळी. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून घाम पटकन उडतो. मुंबईत तो नुसता ओघळतो आणि फुकट जातो.

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. शरीर आधी हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. बोटं गार पडतात, पण काळीज-मेंदू उबदार राहतात. तेवढ्याने भागलं नाही की हुडहुडी भरते. स्नायू थरथरून एरवीच्या चार-पाच पट उष्णता तयार करतात, पण हे फार वेळ चालत नाही, थकवा येतो. खरं सांगायचं तर थंडीत आपलं शरीर तसं लेचंपेचंच. तिथे राखतात ते कपडे, आणि तेही कोरडे असतील तरच.

सवयीचंही तसंच. उन्हाला शरीर आठ-पंधरा दिवसांत सरावतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. थंडीचा सराव फारच थोडा होतो. लेहला पहिले दोन-तीन दिवस आराम करायला सांगतात तो विरळ हवेसाठी, थंडीसाठी नव्हे.

आता चुकीला किती वाव आहे ते बघा. शरीराचं तापमान ३७ वरून ४० च्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. खालच्या बाजूला ३५ पासून धोका सुरू होतो, पण तिथून शरीर बरंच तग धरतं. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या ॲना बोगेनहोल्म यांचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, तरी त्या वाचल्या. थंडीत घाबरायचं ते माणूस गारठलेलाच असताना थरथर थांबते आणि बोलणं अडखळतं तेव्हा.

माझं मत लेहच्या बाजूने. कपडे एकावर एक चढवता येतात, कातडी काही उतरवता येत नाही. मात्र हृदयविकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ताडोबाची दुपारची सफारी नकोच.