टोचा फोटो आधी मागा: जुन्या बॅटीचे दोन सौदे

जालन्यातला माझा भाचा टेनिस बॉल सोडून लेदरवर खेळणार आहे. त्याच्यापुढे दोन जुन्या बॅटी आहेत आणि दोन्ही विकणारे ‘इंग्लिश विलो, ग्रेड वन’ म्हणतात, म्हणजे वरच्या दर्जाचं इंग्लिश विलो लाकूड. नांदेडची बॅट मोठ्या कंपनीच्या स्टिकरची, भाव ९,०००. लातूरची मेरठच्या छोट्या कारखान्याची, ७,५००. सध्या हातात आहेत ते फक्त फोटो.

नांदेडच्या बॅटीच्या फेसवर, म्हणजे चेंडू मारतो त्या बाजूवर, लाकडाच्या दहा रेषा, सगळ्या सारख्या अंतरावर आणि सारख्या गडद. लातूरच्या बॅटीवर सातच, त्याही एका कडेला दाटलेल्या. भाच्याला अर्थातच पहिली आवडली. पण या रेषा म्हणजे ग्रेन, झाडाच्या वर्षवलयांची कड. ती लाकडात आरपार असते, त्यामुळे फेसवरची प्रत्येक रेषा टोवर, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकावर, वळून मागच्या बाजूकडे गेलेली दिसायला हवी. लातूरच्या टोच्या फोटोत सातही रेषा तशा जुळल्या. नांदेडच्या बॅटीत फेसवरच्या दहा रेषा कडेपाशीच संपतात आणि टोवर वेगळ्याच दिशेच्या, पुसट कमानी आहेत. म्हणजे रेषा वरून काढलेल्या. टोवर रबर लावलेलं असेल तर हँडलच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांचा वरून फोटो मागायचा. लाकडाची आडवी कड तिथेही उघडी असते.

यातून रेषा खऱ्या की खोट्या एवढंच ठरतं. स्वस्तातल्या काश्मीर विलोलाही खऱ्या रेषा असतात. ती सहसा जास्त तपकिरी आणि जड असते, पण फोनचा ब्राइटनेस वाढवला की तीही गोरी दिसते. म्हणून बॅट सावलीत, कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून फोटो घ्यायला सांगावं. कागदच पिवळट किंवा निळसर दिसला तर त्या फोटोतल्या रंगावर विसंबू नये.

ग्रिप वर सरकवली की दोऱ्याची बांधणी दिसते. लातूरच्या हँडलचा दोरा मळलेला, पण वेढे घट्ट आणि सलग. नांदेडचा कोरा पांढरा, पातं मात्र चेंडूच्या लाल डागांनी भरलेलं. हँडल बदललं असावं. तो दोष नाही, पण विचारल्याशिवाय सांगितलं नाही हे खटकतं.

स्टिकरला मी सगळ्यात कमी किंमत देतो. नांदेडच्या स्टिकरचे कोपरे कात्रीने कापल्यासारखे आणि खालून जुन्या डिंकाची चौकट डोकावते. तेवढ्याने बॅट खोटी ठरत नाही. मोठे खेळाडूसुद्धा दुसऱ्याच कारागिराच्या बॅटीवर प्रायोजकाचं स्टिकर लावतात. लाकडात दाबलेला शिक्का जास्त बोलतो. टॉर्च आडवा धरला की खाचेत सावली पडते. शाईने छापलेला असेल तर पडत नाही. लातूरचा शिक्का खोल आहे, नांदेडचा सपाट. अर्थात खोल शिक्काही कुणी मारून घेऊ शकतो, त्यामुळे तो टोच्या रेषांनंतरच बघायचा.

माझं मत लातूरच्या बॅटीकडे. मात्र इंग्लिश विलो आहे याची खात्री फोटोवरून होत नाही, म्हणून पैसे बॅट हातात घेऊन, वजन करून आणि जुना लेदर बॉल ठोकून बघितल्यावरच द्यायचे. भाचा टेनिस बॉलच खेळणार असता, तर दोन्हींवर एवढे पैसे घालू दिले नसते.