एसटीत ऐकायला धडा: सरळ वाचलेला की प्रश्न विचारणारा?

आर्वी ते वर्धा एसटीत पोरीसाठी दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा मी दोन तऱ्हेनं रेकॉर्ड केला. पहिल्यांदा नोट्स सरळ वाचल्या, आठ मिनिटांत सगळा धडा, पण वेग एवढा की खड्ड्यात गाडी आदळली की एक वाक्य गेलं आणि मागचा धागाच तुटला, आणि ऐकताना सगळं येते असंच वाटते, विचारलं की मात्र गप्प.

दुसऱ्यांदा असं बोललो: "साठ किलोचा माणूस चंद्रावर गेला, वस्तुमान किती? सांग बरं." मग पाच सेकंद शांत. "साठच. वजन मात्र सहावा हिस्सा, म्हणजे इथं 588 न्यूटन, तिथं जवळपास 98." आकडा दोनदा म्हणायचा, इंजिनाच्या आवाजात एकदा सुटतोच. यात आठ मिनिटांत अर्धाच धडा बसते, तरी मी हाच घेईन, कारण वस्तुमान अन् वजनातला घोळ तिथंच पकडला जाते.

केप्लरचा तिसरा नियम शब्दांत चालते, "काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात", पण मुक्तिवेगाचं सूत्र सिद्ध करणं कानानं होतच नाही, ते घरी वहीवरच करायचं, ऑडिओत फक्त 11.2 किलोमीटर प्रति सेकंद ठेवा.