अमोनिया-फ्री रंग, माझी टाळू आणि आठ महिन्यांचा अनुभव

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय सत्तेचाळीस, केस खांद्यापर्यंत, आणि भांगाजवळ व कानशिलांवर बऱ्यापैकी पांढरे. टाळू पहिल्यापासून नाजूक. साधा शाम्पू बदलला तरी दोन दिवस खाज सुटते. आधी पार्लरमध्ये अमोनियावाला रंग लावायचे. लावताना चुरचुरायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण धुतलं की सगळं शांत व्हायचं. गेल्या डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं, म्हणून या वेळी मुद्दाम 'अमोनिया-फ्री' लिहिलेली डबी आणून घरीच लावली. वास नाही, चुरचुर नाही. मी खूश झाले.

लावला शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी काहीच झालं नाही. रविवारी पहाटे कानामागे आणि मानेवर इतकी खाज सुटली की जाग आली. आरशात पाहिलं तर दोन्ही पापण्या सुजलेल्या, कपाळावर केसांच्या रेषेला लाल पट्टा आणि कानामागे पाणी सुटलेलं. लग्नाच्या फोटोत मी गॉगल लावून उभी आहे. हा सगळा मजकूर लिहिते आहे तो त्या पस्तीसेक तासांमुळे. लावताना काही होत नव्हतं म्हणून रंग चांगला, असं मी समजत होते आणि तिथेच चुकले.

औषधांनी सूज उतरल्यावर त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी फरक नीट समजावला. लावताना लगेच चुरचुरणं म्हणजे बहुधा त्रासदायक द्रव्याचा थेट परिणाम. एक-दोन दिवसांनी उठणारी खाज, पुरळ, पापण्यांची सूज म्हणजे अॅलर्जी, आणि ती शरीराला त्या पदार्थाची ओळख झाल्यावर येते. म्हणजे वर्षानुवर्षं लावलेला रंगही एक दिवस उलटू शकतो. अमोनियाचं काम केसाचा बाहेरचा थर फुगवून रंगाला आत वाट करून देणं. तो वायू होऊन उडतो, म्हणून वास येतो. अमोनिया-फ्री डबीत त्याच्या जागी बहुतेक वेळा इथेनॉलअमीन असतं. ते उडत नाही, म्हणून वास नाही. पण रंग देणारा पदार्थ तोच राहतो. त्याचं नाव पी-फेनिलीनडायअमीन, लोक पीपीडी म्हणतात. केसांच्या काळ्या-तपकिरी रंगाच्या अॅलर्जीत हेच नाव सर्वांत जास्त येतं.

मी घरी येऊन कचऱ्यातून डबी काढली. पुढे मोठ्या अक्षरांत 'अमोनिया नाही', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत यादी. चष्मा लावून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचली. इथेनॉलअमीन होतं आणि त्याच यादीत पी-फेनिलीनडायअमीनही. जवळच रिसॉर्सिनॉल आणि एम-अमिनोफिनॉल, तेही रंग तयार करणारेच घटक. यादीत एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात, त्याहून कमी असलेले कुठल्याही क्रमाने. त्यामुळे नाव शेवटी आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही. अॅलर्जीला थोडंही पुरतं.

त्यानंतर पाठीवरची तपासणी झाली. अॅलर्जीचे पदार्थ छोट्या छोट्या चकत्यांत भरून पाठीला चिकटवतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम नाही. चकत्या काढल्यावर एकदा बघतात आणि दोनेक दिवसांनी परत. माझ्या पाठीवर पीपीडीच्या चकतीखाली लाल, उंच, बारीक फोड आलेला गोल उठला होता. दुसऱ्या वेळी बघितला तर तो आणखी ठळक झाला होता. पहिल्याच दिवशी निकाल बघून परत न येणाऱ्याची फसगत होऊ शकते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

पार्लरमधल्या ताईंनी प्रेमाने 'पीपीडी-फ्री' लिहिलेली डबी दाखवली. यादी वाचली तर तिथे टोल्युईन-2,5-डायअमीन. नाव वेगळं, पण घराणं तेच. पीपीडीची अॅलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना ते उलटतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही या घराण्याचा कुठलाही रंग घरच्या घरी चाचणी करूनसुद्धा लावायचा नाही." ज्याला आधी सूज आलेली नाही, त्याच्यासाठी घरची चाचणी आहे. ज्याला एकदा आली, त्याने तोच रंग पुन्हा तपासून पाहायचा नसतो.

मग मी मेंदी आणि इंडिगो या पानांच्या रंगांकडे वळले. इथे दुसरा सापळा होता. भाऊसिंगजी रोडवरच्या एका दुकानात 'हर्बल काळी मेंदी' अशी पाच-सहा पाकिटं होती. सगळ्यांवर पानांचं चित्र. तीन पाकिटांच्या यादीत मेंदी, आवळा, भृंगराज, रिठा, आणि मग शेवटी पी-फेनिलीनडायअमीन. सोबत बेरियम पेरॉक्साइड. म्हणजे रंग उठवणारा पदार्थही त्याच पुडीत, फक्त पाणी घालायचं काम आपलं. खरी मेंदी केसांना काळं करूच शकत नाही, ती नारिंगी-तांबूस करते. 'पंधरा-वीस मिनिटांत काळे केस' असं लिहिलं असेल तर ते पानांचं काम नाही, हा माझा ठोकताळा झाला.

मी घेतलेल्या दोन पाकिटांच्या यादीत प्रत्येकी एकच नाव आहे. एकावर लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेंदीची पानं. दुसऱ्यावर इंडिगोफेरा टिंक्टोरिया, म्हणजे नीळ देणाऱ्या झाडाची पानं. दुकानात नुसतं 'नीळ' म्हणू नका, कपड्यांची नीळ पुढ्यात येते. 'केसांची इंडिगो पावडर' असंच मागा. चांगली मेंदी हिरवट असते आणि तिला वाळलेल्या गवताचा वास येतो.

यादी चांगली वाटली तरी चाचणी केली. आपल्याकडच्या नियमांनुसार पीपीडीच्या रंगाच्या पाकिटात सूचना असतेच की कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची छोटी जागा धुऊन, तयार केलेला रंग तिथे लावून वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुऊन बघायचं, आणि हे प्रत्येक वेळी करायचं. भुवया आणि पापण्यांना हा रंग लावायचा नाही, दृष्टी जाऊ शकते, हेही तिथेच असतं. माझा त्रास पस्तीसेक तासांनी आला होता, म्हणून मी चोवीस तासांवर थांबत नाही. दोन दिवस रोज बघते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वाट बघते.

पहिली चाचणी अशी केली. मेंदी उजव्या कोपराच्या आत, इंडिगो डाव्या कोपराच्या आत, प्रत्येकी मटाराएवढी. दोन्ही वेगवेगळी ठेवली, नाहीतर काय उलटलं ते कळत नाही. कडेला बॉलपेनाने खूण केली. बुधवारी रात्री लावलं, गुरुवारी रात्री धुतलं. मेंदीचा डाग राहतो, त्यामुळे लाली दिसत नाही. मग बोटाने चाचपायचं. कातडी उंचावली आहे का, खरखरीत झाली आहे का, कडेबाहेर पुरळ पसरलं आहे का, रात्री हात आपोआप तिकडे जातो का. शनिवारी रात्रीपर्यंत काही नव्हतं. रविवारी केसांना लावलं.

लावायची माझी पद्धत अशी. खांद्यापर्यंतच्या केसांना पहिल्यांदा शंभर ग्रॅम मेंदी आणि शंभर ग्रॅम इंडिगो लागली. आता फक्त मुळांना चाळीस-चाळीस पुरते. मेंदी कोमट पाण्यात भिजवून रात्रभर ठेवते. लिंबू घालत नाही, आंबटाने माझी टाळू झोंबते. सकाळी लावून अडीच तास ठेवते, नुसत्या पाण्याने धुते. केस भडक तांबडे दिसतात, त्या दिवशी बाहेर जात नाही. मग इंडिगो. ती रात्रभर भिजवायची नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मिठासह कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची, नाहीतर जोर जातो. दीड तास ठेवून धुते आणि दोन दिवस शाम्पू लावत नाही, कारण हवेशी संबंध येऊन रंग हळूहळू गडद होतो. पहिल्या दिवशी थोडी हिरवट झाक दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद तपकिरी ते काळा होतो. आधी मेंदी न लावता पांढऱ्या केसांवर थेट इंडिगो लावली तर निळसर-हिरवं येतं. मी एका बटेवर करून बघितलं आहे.

आता तोटे. अख्खा रविवार जातो. जुलैच्या पावसात ओली मेंदी अडीच तास डोक्यावर ठेवल्यावर मला सर्दी झाली, म्हणून पावसाळ्यात दुपारी लावते आणि वर टोपी घालते. कानशिलांवरचे जाड पांढरे केस पहिल्या खेपेला तांबूसच राहिले, दोनदा इंडिगो लावावी लागली. केस थोडे कोरडे होतात. रंग उजळायचा असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही, पानांनी केस फिके होत नाहीत. पण आठ महिन्यांत टाळूला एकदाही पुरळ आलं नाही. दर पाच आठवड्यांनी लावते.

एक प्रसंग मात्र मला अजून आठवतो. जूनमध्ये नेहमीची इंडिगो मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या दुकानातून वेगळं पाकीट आणलं. यादीत तेच एक नाव, रंगही हिरवा. चाचणी लावली. छत्तीस तासांनी डाव्या कोपरात खाज, आणि डागाभोवती उंचावलेली लाल कड. ते पाकीट तसंच टाकून दिलं. यादी वाचून मी ते डोक्याला लावलं असतं तर पुन्हा पापण्या सुजल्या असत्या. छापलेली यादी पाकिटातल्या पावडरीशी जुळतेच असं नाही. म्हणून नवं पाकीट म्हणजे नवी चाचणी, दुकानदार तोच असला तरी.

नवरात्रासाठी अंबाबाईच्या दर्शनाला जायचं आहे. काल रात्री नव्या पाकिटाचा ठिपका कोपरात लावला आहे, शनिवारपर्यंत बघते.