फिट-आउटच्या नावाखाली चावी देतात आणि व्याजावर पाणी सोडायला लावतात, सही करण्याआधी हे वाचा

मोशीत फ्लॅट बुक केला होता, किंमत 60 लाख, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट नोव्हेंबर 2020 चं, त्यात पझेशनची तारीख 30 जून 2022 स्पष्ट लिहिलेली. त्या तारखेपर्यंत माझ्याकडून 80 टक्के म्हणजे 48 लाख घेऊन झाले होते, डिसेंबर 2022 अखेर लिफ्टचं काम दाखवून अजून 6 लाख घेतले, आणि बिल्डिंग मात्र 2024 उजाडलं तरी अर्धवटच. घरभाडं चालू, लोनचा हप्ता चालू, साइट ऑफिसला फोन केला की "सर दिवाळीपर्यंत नक्की", मग कुठली दिवाळी ते विचारायचं नाही.

खरी फसवणूक यानंतर आहे आणि त्यासाठीच लिहितोय. मे 2024 मध्ये सगळ्यांना मेल आला की या, फिट-आउटसाठी चावी घ्या, फर्निचरचं काम सुरू करा. लोक खूश झाले. ऑफिसात गेलं की चावीसोबत दोन पानी लेटर पुढे करतात, त्यात तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात असं वाक्य की खरेदीदाराला फ्लॅटचा ताबा मिळाला असून उशिराबद्दल कुठलंही व्याज किंवा भरपाई तो मागणार नाही, आणि बदल्यात "गुडविल" म्हणून एका वर्षाचा मेंटेनन्स माफ. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आलेलंच नव्हतं! ओसी नसताना दिलेली चावी हा कायदेशीर ताबा नाही, फक्त आत जाऊन काम करायची परवानगी आहे, पण सही केली की बिल्डर तोच कागद पुढे रेरात दाखवून म्हणणार की यांनी ताबा घेतला आणि हक्क सोडला. माझ्या मजल्यावरच्या दोघांनी घाईत सही केली, आता त्यांना आधी त्या कागदाशीच भांडायचंय.

मी सही केली नाही, घरी येऊन बिल्डरला पत्र लिहिलं, ईमेल पण केलं आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पण पाठवलं. मुख्य भाग देतो, आपापल्या तारखा टाकून वापरा:

"अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे ताबा 30 जून 2022 पर्यंत द्यायचा होता, तो आजपर्यंत मिळालेला नाही. मला प्रकल्पातून बाहेर पडायचं नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, मी भरलेल्या रकमेवर, ओसीसह ताबा मिळेपर्यंत द्यावं. फिट-आउटच्या पत्रातली हक्क सोडण्याची अट मला मान्य नाही."

व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेचा सगळ्यात जास्त एमसीएलआर अधिक 2 टक्के असा ठरतो, आणि आपला हप्ता उशिरा गेला तर बिल्डर आपल्याकडून घेणार तोही दर कायद्याने हाच, हे पत्रात आवर्जून लिहा. हिशोब सोपा व्हावा म्हणून इथे 10 टक्के धरतो. 48 लाखांवर महिन्याला 40,000, जुलै 2022 ते जून 2024 असे 24 महिने, झाले 9,60,000. नंतरच्या 6 लाखांचं व्याज पैसे भरल्यापासूनच मागायचं, म्हणून जानेवारी 2023 पासून 18 महिने, महिन्याला 5,000 म्हणजे 90,000. एकूण साडेदहा लाख होतात हो, आणि हे लोक एका वर्षाच्या मेंटेनन्सवर गप्प बसवायला निघालेत! स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, जीएसटी या व्याजाच्या हिशोबात धरू नका, ते पैसे बिल्डरच्या खिशात गेलेले नसतात. घरभाडं, मानसिक त्रास याची भरपाई हा वेगळा विषय, त्यासाठी रेरात न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जावं लागतं.

उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे, की रेराने प्रोजेक्टला मुदतवाढ दिली आहे त्यामुळे उशीर झालेलाच नाही, शिवाय कोरोना. यावर अडू नका. मुदतवाढ ही बिल्डर आणि रेरा यांच्यातली, आपली तारीख अ‍ॅग्रीमेंटमधलीच धरतात, मुंबई हायकोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हे स्पष्ट केलंय. आणि माझं अ‍ॅग्रीमेंटच कोरोना चालू असताना झालं, म्हणजे तारीख लिहून देताना यांना परिस्थिती माहीत होतीच की.

आता महारेरात तक्रार टाकली आहे, सोबत अ‍ॅग्रीमेंट, सगळ्या डिमांड लेटर आणि पावत्या, बँक स्टेटमेंट आणि ते सही न केलेलं फिट-आउट लेटर जोडलंय. निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असं नाही, बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट काढून कलेक्टर ऑफिसमार्फत वसुली करावी लागते आणि ते रखडतं, हे धरूनच उतरलोय. कोणाला भाडं परवडत नाही म्हणून चावी घ्यावीच लागत असेल तर ते वाक्य खोडायला सांगा, नाही ऐकलं तर सहीच्या वर पेनाने "हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले" लिहा, तारीख टाका आणि तिथेच फोटो काढून त्यांना मेल करा.